पॉइंट की कॅशबॅक? बारा महिन्यांची स्टेटमेंटं मांडून बसलेय, हिशोब तपासून द्या

पासबुकवाली

पाच वर्षं एकच क्रेडिट कार्ड वापरतेय, पॉइंटवालं. बिल दर महिन्याला पूर्ण भरते, त्यामुळे व्याजाचा प्रश्न नाही. परवा भावाशी वाद झाला. त्याच्याकडे सरसकट एक टक्का कॅशबॅक देणारं, वार्षिक फी नसलेलं कार्ड आहे. मी त्याला हसले. म्हटलं, माझ्या कार्डावर दर १५० रुपयांना ४ पॉइंट मिळतात आणि पॉइंटची किंमत 'एक रुपयापर्यंत' आहे असं पत्रकात छापलंय, म्हणजे अडीच टक्क्यांच्याही वर. तुझा एक टक्का घेऊन काय करू?

तो म्हणाला, "दाखव बरं वर्षाचे मिळालेले."

दाखवायला गेले आणि तोंडावर आपटले. वर्षाचा कार्डावरचा खर्च ३,६०,०००. पत्रकाप्रमाणे ९,६०० पॉइंट यायला हवे होते. आलेत ५,८००. शिवाय ते वापरायच्या पानावर गेले तर व्हाउचर घेताना पॉइंटचा भाव ३५ पैसे, आणि बिलातून वळते करायचे तर २० पैसे. वर १,५०० वार्षिक फी भरतेय ती वेगळीच.

दोन प्रश्न आहेत. ३,८०० पॉइंट गेले कुठे? आणि खरोखर कोणतं कार्ड जास्त वाचवतं, हे ठरवायची सरळ रीत कोणती?

विमानवेडा

ताई, व्हाउचर घेणं हाच मूळ गुन्हा. पॉइंट हे विमानप्रवासासाठी असतात. मी गेल्या वर्षी एका पॉइंटचे २ रुपये २० पैसे वसूल केले. कॅशबॅक म्हणजे चिल्लर.

साधा_सदू

बँकेने ३,८०० पॉइंट खाल्ले तर सरळ तक्रार करा. माझे एकदा ४०० कापले होते, तीन मेल केले, परत आले. सोडू नका.

जुनी_खतावणी

सदूभाऊ, जरा थांबा, तक्रारीसारखं काही नसेलही. मी काही वर्षं कार्डांच्याच खात्यात काम केलंय, त्यामुळे ही चोरी कुठे होते ते ठाऊक आहे, आणि ती बहुतेक नियमावलीत लिहून केलेली असते.

पासबुकवाली, दोन गोष्टी सांगा. या खर्चात घरभाडं, विमा, इंधन, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, हप्त्यांवरची खरेदी असं किती आहे? आणि वर्षभरात व्यवहार किती झाले? रक्कम नको, संख्या हवी.

पासबुकवाली

अ‍ॅपवरून भरलेलं घरभाडं, विम्याचा हप्ता आणि वॉलेट मिळून ९६,०००. ते सोडून व्यवहार ६१२. मी दहा-वीस रुपयांसाठीसुद्धा कार्ड घासते, लाज वाटते सांगायला.

जुनी_खतावणी

लाज कसली, उलट उत्तरच त्यात आहे.

पहिली गळती सोपी. ९६,००० वर तुमचं कार्ड बहुधा काहीच देत नसणार, नियमावलीत 'वगळलेले खर्च' असा परिच्छेद असतो तो पाहा. उरले २,६४,०००. त्यावर पूर्ण हिशोबाने ७,०४० पॉइंट व्हायला हवेत.

दुसरी गळती लोकांच्या लक्षातच येत नाही. 'दर १५० ला ४' याचा अर्थ प्रत्येक व्यवहारात पूर्ण भरलेल्या दीडशेंना ४. १४९ चा व्यवहार केलात तर शून्य. २९० चा केलात तर ४ च, कारण दुसरं दीडशे दहाने अपुरं राहिलं. वरची शिल्लक पुढच्या व्यवहारात जोडली जात नाही. आता उरणारी रक्कम कधी पाच, कधी एकशे चाळीस, सरासरी धरा ७५. तुमचे व्यवहार ६१२. म्हणजे जवळजवळ ४६ हजारांच्या खर्चावर तुम्हाला एकही पॉइंट मिळालेला नाही. उरलेल्याचा भागाकार केला तर ५,८१६ येतात. तुमच्याकडे ५,८०० आहेत. बँकेने काही खाल्लेलं नाही, रचनाच तशी आहे.

काही बँका महिन्याच्या एकूण खर्चावर भागाकार करतात. तिथे ही गळती जवळपास नाहीशी होते. म्हणून दोन पॉइंट-कार्डं शेजारी ठेवलीत तर 'किती पॉइंट' याच्या आधी 'व्यवहारावर की महिन्यावर' हे बघा.

पासबुकवाली

बापरे. म्हणजे मी रोजचा किरकोळ खर्च कार्डावर टाकून स्वतःचंच नुकसान करत होते?

जुनी_खतावणी

नुकसान नाही म्हणता येणार, रोख दिले असते तरी शून्यच होतं. पण 'सगळं कार्डावर टाकते म्हणजे खूप मिळतंय' हा समज चुकीचा. १५० पेक्षा लहान व्यवहार या कार्डासाठी नसल्यातच जमा.

तक्तेबाज

अंदाजावर कशाला जाता, स्टेटमेंट शीटमध्ये उतरवा. रकमा B रकान्यात टाकल्या की एका ओळीत काम होतं. ६१२ ओळी असतील तर:

```
=SUMPRODUCT(INT(B2:B613/150))*4
```

वगळलेले व्यवहार आधी काढून टाका, नाहीतर आकडा फुगेल.

पासबुकवाली

रात्री जागून केलं. ५,७२८ आले. स्टेटमेंटवर ५,८०० आहेत. बँकेने ७२ पॉइंट जास्त दिले? यावर माझा विश्वास बसत नाही.

तक्तेबाज

ओळी मोजल्या का नीट? बहुतेक एखादी राहिली असेल.

जुनी_खतावणी

परत केलेल्या वस्तूंचे पैसे उणे चिन्हाने घातलेत का? किती आहेत असे व्यवहार?

पासबुकवाली

हो, उणे घातलेत. अठरा. कपडे ऑनलाइन मागवते आणि परत पाठवते, दुसरं काय.

जुनी_खतावणी

मग सापडलं. INT नेहमी खालच्या पूर्णांकाकडे सरकतो. २९० भागिले १५० चा १ होतो, पण उणे २९० चा उणे २ होतो. म्हणजे खरेदीला ४ पॉइंट दिले आणि परतीला ८ कापले असं तुमची शीट समजतेय. प्रत्येक परतीला ४ जास्त कापले गेले, अठरा परती, म्हणून ७२. INT च्या जागी TRUNC लिहा, तो शून्याकडे सरकतो:

```
=SUMPRODUCT(TRUNC(B2:B613/150))*4
```

तक्तेबाज

चूक मान्य. इतकी वर्षं INT वापरतोय, उणे आकड्याला असा दगा देईल हे डोक्यात आलं नव्हतं. आता माझी स्वतःची शीट उघडायला भीती वाटतेय.

पासबुकवाली

बरोब्बर ५,८००! एका रात्रीची झोप गेली, पण छातीत गार वाटलं.

आता पुढचं मी मांडते, चुकलं तर सांगा. ५,८०० पॉइंट, ३५ पैशांनी २,०३०. व्हाउचर काढताना प्रत्येक वेळी ९९ 'प्रक्रिया शुल्क' लागतं, मी वर्षातून एकदाच काढते, उरले १,९३१. त्यातून १,५०० फी गेली. हातात ४३१. तीन लाख साठ हजार खर्चून ४३१!

भावाच्या कार्डावर हाच खर्च टाकला असता तर? वगळलेले ९६,००० त्याच्याकडेही वगळलेलेच आहेत. २,६४,००० चा एक टक्का २,६४०. तिथेही प्रत्येक व्यवहारावर पैसे सोडून पूर्ण रुपयेच देतात, सरासरी अर्धा रुपया गेला तर ६१२ व्यवहारांत साधारण ३०६ गेले. उरले २,३३४. फी नाही. म्हणजे माझ्या पाचपट. त्याला कसं सांगू?

घाईत_आहे

नका सांगू :)

विमानवेडा

सगळा हिशोब ३५ पैशांवर उभा आहे म्हणून हा निकाल आलाय. माझं उदाहरण ऐका. बिझनेस क्लासचं तिकीट रोखीने ६०,०००. मी २५,००० पॉइंट आणि वर ५,००० कर भरून काढलं. ५५,००० वाचले, भागिले २५,०००, झाले २ रुपये २० पैसे. यात कुठे गळती?

जुनी_खतावणी

गणितात नाही. पण एक विचारू का, पॉइंट नसते तर ६०,००० देऊन ते तिकीट काढलं असतं?

विमानवेडा

नसतं काढलं. साध्या वर्गाने १८,००० त गेलो असतो.

जुनी_खतावणी

मग खिशातून जाणारे १८,००० वाचले, त्यातले ५,००० करापोटी गेलेच. वाचले १३,०००. २५,००० पॉइंटांनी भागा. ५२ पैसे.

विमान कंपनीने तिकिटावर लिहिलेला भाव ही पॉइंटची किंमत होऊ शकत नाही. तुम्ही जे एरवी विकत घेतलंच असतं, त्याचे पैसे वाचले तरच ती बचत.

विमानवेडा

हे मला पटत नाही. पाय लांब करून झोपून आलो, त्याला काहीच किंमत नाही? ५२ पैसे म्हणजे मी रात्रभर खुर्चीत अवघडून बसलो असं धरून केलेला हिशोब झाला.

तक्तेबाज

दोघंही थोडे थोडे बरोबर आहात. झोपून येण्याला किंमत आहे, पण ती तुम्ही ठरवायची, तिकिटाने नाही. स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, त्या सीटला रोखीने जास्तीत जास्त किती दिले असते?

विमानवेडा

...तीस हजार. फार तर.

तक्तेबाज

मग ३०,००० तून ५,००० वजा, २५,००० वाचले. पॉइंटला बरोबर एक रुपया. २ रुपये २० पैशांच्या निम्म्याहून कमी, पण ३५ पैशांच्या जवळजवळ तिप्पट. वाईट नाही.

विमानवेडा

रुपया मान्य. तरी कॅशबॅकला मी चिल्लरच म्हणणार.

मधली_सुट्टी

धागा उशिरा पाहिला. पण या सगळ्यात एक टक्केवालं कार्ड कशाला धरलंय? मी ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के देणारं कार्ड वापरतो. महिन्याला ५०० ची मर्यादा आहे, इतर खर्चावर १ टक्का, वार्षिक फी १,०००. पासबुकवाली, तुमचा ऑनलाइन खर्च किती?

पासबुकवाली

२,६४,००० पैकी १,४४,००० ऑनलाइन. महिन्याला सरासरी १२,०००.

मधली_सुट्टी

झालं की मग! १२,००० चे ५ टक्के ६००, मर्यादेमुळे ५०० मिळतील. वर्षाचे ६,०००. उरलेल्या १,२०,००० वर १ टक्का म्हणजे १,२००. एकूण ७,२००, फी गेली तरी ६,२००. विषय संपला.

जुनी_खतावणी

संपला नाही. मर्यादा महिन्याची आहे आणि सरासरी वर्षाची घेतलीत. ताई, बारा महिन्यांचे वेगवेगळे आकडे द्याल?

पासबुकवाली

वेगळे केले. आठ महिने जेमतेम ६,००० च्या आसपास. चार महिने मोठे आहेत, सणवार, लग्नं, एकदा फ्रिज, प्रत्येकी २४,००० धरा.

जुनी_खतावणी

आता बघा. ६,००० च्या महिन्यात ५ टक्क्यांनी ३०० च मिळतात, मर्यादेपर्यंत पोचतच नाही. आठ महिन्यांचे २,४००. २४,००० च्या महिन्यात १,२०० व्हायला हवेत, पण ५०० ला गाडी थांबते. चार महिन्यांचे २,०००. एकूण ४,४००, सहा हजार नव्हे. लहान महिन्यात न वापरलेली मर्यादा मोठ्या महिन्याला उधार मिळत नाही. ५ टक्क्यांचं कार्ड तुमच्या हातात ३ टक्क्यांचं झालं.

१,२०० त्यात मिळवा, ५,६००. फी १,००० गेली, ४,६००. राउंडिंग धरलेलं नाही. तरीही तुमच्या ४३१ पुढे डोंगर आहे.

मधली_सुट्टी

मान्य. माझा ऑनलाइन खर्च दर महिन्याला सारखाच असतो, म्हणून हे कधी जाणवलं नाही. मोठी खरेदी दोन महिन्यांत तोडता येते मात्र. मी बूट महिनाअखेरीस आणि बॅग एक तारखेला घेतो.

जुनी_खतावणी

तुमच्या कार्डाची मर्यादा कॅलेंडरच्या महिन्याची आहे की बिलाच्या चक्राची, ते तपासलंत का? बहुतेक ठिकाणी बिलाचं चक्र असतं. बिल १८ तारखेला निघत असेल तर महिनाअखेर आणि एक तारीख एकाच चक्रात पडतात. आणि १७ ला रात्री केलेली खरेदी दुकानाने १९ ला बँकेकडे पाठवली तर ती पुढच्या चक्रात जाऊ शकते. व्यवहाराची तारीख आणि खात्यावर पडल्याची तारीख या दोन वेगळ्या असतात, स्टेटमेंटवर दोन्ही दिसतात.

मधली_सुट्टी

माझं बिल २० ला निघतं. म्हणजे मी वर्षभर उगाच बॅगेसाठी एक तारखेची वाट बघत होतो. छान.

कोपऱ्यातला

मध्येच विचारतो, धागा सोडून असेल तर माफ करा. माझ्यावर सध्या ४०,००० थकबाकी आहे, दर महिन्याला मिनिमम ड्यू भरतो. मला पॉइंटवालं घ्यावं की कॅशबॅकवालं?

तक्तेबाज

दादा, कोणतंच नको. व्याजदर किती आहे?

कोपऱ्यातला

महिन्याला साडेतीन टक्के लिहिलंय.

तक्तेबाज

४०,००० वर महिन्याचं व्याज १,४०० झालं. तेवढ्याच रकमेच्या खरेदीवर एक टक्का कॅशबॅक ४००, तोही एकदाच, व्याज मात्र दर महिन्याला. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत सहसा मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. आधी कमी व्याजाच्या कर्जाने किंवा साठवलेल्या पैशांनी ही रक्कम मिटवा. तोवर रोजचा खर्च या कार्डावर टाकू नका.

कोपऱ्यातला

हं. वाटलं होतं कॅशबॅकने थोडं भागेल. मागच्या महिन्यात १२० कॅशबॅक आला, मी तेवढे कमी भरले, तर मिनिमम ड्यू अपुरा म्हणून उशिराचा दंड लावला.

जुनी_खतावणी

अनेक बँकांत बिलात जमा झालेला कॅशबॅक हा 'भरणा' धरत नाहीत. थकीत रक्कम तेवढी कमी होते, पण किमान रक्कम खिशातून पूर्ण भरावीच लागते. दंड पहिल्यांदाच लागला असेल तर फोन करून विनंती करा, पुष्कळदा माफ करतात.

साधा_सदू

मला एक कळत नाही. बँक हे पैसे देते कुठून? काहीतरी काळंबेरं असणारच.

जुनी_खतावणी

काळंबेरं नाही. तुम्ही कार्ड वापरलंत की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्याच्याकडून काही टक्के कापले जातात, त्यातला मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे येतो. त्यातूनच हे परत मिळतं. युरोपीय संघाने २०१५ मध्ये ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांसाठी तो हिस्सा ०.३ टक्क्यांवर बांधला, आणि तिथल्या कार्डांवरची बक्षिसं आटली. ज्या खर्चावर बँकेला कमी मिळतं, तो खर्च वगळलेल्यांच्या यादीत जातो, एवढं साधं आहे. बाकी भर व्याज आणि दंड भरणाऱ्यांकडून पडते.

पॉइंटांची आणखी एक गंमत. न वापरता मुदत संपलेले पॉइंट हा बँकेचा फायदा. आणि आज ३५ पैशांचा पॉइंट उद्या ३० पैशांचा करायचा तर सूचना देऊन तो करता येतो, जमलेल्या साठ्यासकट. कॅशबॅक एकदा बिलात पडला की त्याचा भाव कोणी बदलू शकत नाही. पुढच्या खरेदीचा दर मात्र कॅशबॅकवाल्या कार्डांचाही बदलतो.

घाईत_आहे

माझी व्यथा सांगतो. माझ्या कार्डावर किराण्याला ५ टक्के. महिन्याचं सामान नेहमी एकाच मोठ्या दुकानातून घेतो, डाळ-तांदूळच घेतो, तरी १ टक्काच मिळतो. कस्टमर केअर म्हणतं, "सर, ते किराणा नाही."

जुनी_खतावणी

त्यांच्या दृष्टीने नाहीच. बँकेला तुमच्या पिशवीत काय आहे ते दिसत नाही, दुकानाचा चार आकडी वर्ग-क्रमांक दिसतो. किराणा आणि सुपरमार्केटचा ५४११, डिपार्टमेंट स्टोअरचा ५३११. तुमचं दुकान कपडे-भांडीही विकत असेल तर त्याची नोंद ५३११ खाली झालेली असू शकते. ती नोंद दुकानाची बँक करते, तुमची नाही, म्हणून तुमच्या बँकेशी भांडून उपयोग नसतो.

ओळखायची युक्ती अशी की नव्या दुकानात आधी छोटी खरेदी करायची आणि ती खात्यावर पडली की किती टक्के आले ते बघायचं, मगच महिन्याचं सामान भरायचं. अ‍ॅपमधल्या चित्रांवर जाऊ नका. तिथे टोपलीचं चित्र दिसलं तरी कॅशबॅकचा हिशोब त्यावर होतोच असं नाही.

घाईत_आहे

टोपलीचंच चित्र दिसतं हो! त्याच्या जोरावर मी दोनदा भांडलो.

पासबुकवाली

सगळं वाचून आज पुन्हा बसले. मला एक आकडा हवा होता, तो सापडला असं वाटतं.

भावाच्या कार्डाशी बरोबरी करायला माझ्या ५,८०० पॉइंटांतून मला २,३३४ मिळायला हवेत, वर फीचे १,५०० आणि शुल्काचे ९९ भरून निघायला हवेत. एकूण ३,९३३. म्हणजे पॉइंटला ६८ पैसे. ५ टक्केवाल्या कार्डाशी बरोबरी करायची तर ६,१९९, म्हणजे रुपया आणि सात पैसे. माझ्या कार्डावर २ पॉइंट दिले की विमान कंपनीचा १ मैल मिळतो. म्हणजे प्रत्येक मैलातून मला अनुक्रमे १ रुपया ३६ पैसे आणि २ रुपये १४ पैसे निघाले पाहिजेत. विमानवेडा, तुम्हाला रुपया मिळाला होता.

विमानवेडा

माझ्या कार्डावर एकास एक आहे, म्हणून मला जमतं. तुमच्या दोनास एकवर नाही जमायचं, कबूल. पण वर्षाच्या पॉइंटांवर बघू नका, तीन वर्षांचे साठवून एकदम वापरा, भाव चांगला मिळतो.

तक्तेबाज

तीन वर्षं साठवायचे तर तीन वर्षांची फी पण धरा. आणि मधे भाव उतरला तर? एकदा विमान कंपनीकडे वळवलेले पॉइंट बहुतेक ठिकाणी परत येत नाहीत.

विमानवेडा

जोखीम आहेच. मी जागा उपलब्ध दिसल्याशिवाय वळवत नाही. साठा बँकेत, तिकीट दिसलं की वळवायचे. वळायला कधी कधी दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात सीट जाते, एकदा गेलीय.

जुनी_खतावणी

विमानवेडा यांची पद्धत त्यांच्यासाठी ठीक आहे. तारखा पुढे-मागे करता येणारा, वर्षातून दोनदा लांब जाणारा माणूस असेल तर पॉइंटांत खरंच जास्त मिळतं. ताई, तुम्ही वर्षात किती वेळा विमानाने जाता?

पासबुकवाली

गेल्या पाच वर्षांत एकदा. तेही ऑफिसच्या पैशांनी.

घाईत_आहे

😄

पासबुकवाली

हसा. एक शेवटचं राहिलं. वर्षाला ४,००,००० खर्च झाला तर माझी १,५०० फी माफ होते. मी ४०,००० नी मागे आहे, आणि फीचं वर्ष संपायला दोन महिने आहेत. भाडं कार्डावरून भरतेच, तर पुढच्या दोन महिन्यांत तेवढा खर्च होईल. थांबावं का?

मधली_सुट्टी

थांबा ना, १,५०० म्हणजे तुमच्या साडेतीन वर्षांची कमाई!

जुनी_खतावणी

भाड्यावर अ‍ॅपचं किंवा बँकेचं जादा शुल्क लागतं का ते पाहा. एक टक्का जरी लागत असलं तरी ४०,००० वर ४०० गेले. आणि महत्त्वाचं म्हणजे फीमाफीच्या ४ लाखांत वगळलेले खर्च धरतात की नाही? पॉइंटला वगळलेला खर्च फीमाफीला चालतो अशी कार्डं आहेत, आणि न चालणारीही आहेत. न धरणारं असेल तर तुम्ही ४०,००० नी नाही, १,३६,००० नी मागे आहात.

पासबुकवाली

आत्ताच दोनदा फोन केला. पहिल्या मुलीने सांगितलं धरतात. दुसऱ्या मुलाने सांगितलं फक्त 'पात्र खर्च' धरतात, आणि पात्र म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, "मॅडम, नियमावलीत आहे." नियमावलीत शब्द आहे, अर्थ नाही. लेखी मेल टाकलाय.

साधा_सदू

मी म्हटलं होतं ना, मेल करा. तीन करा.

पासबुकवाली

दुसरा टाकते परवा. दरम्यान जुन्या साठ्यातले ३,१०० पॉइंट या महिनाअखेरीस मुदत संपून जाणार होते, ते व्हाउचर करून टाकले. १,०८५ चं आलं. वर ९९ कापले. भावाला अजून सांगितलेलं नाही.